विश्लेषण : इलेक्ट्रिशियन, फिटर निवडताना गुण कशाला? प्रमाणपत्राला, अनुभवाच्या वर्षांना की हाताच्या कामाला?

नोकरीच्या ॲपवर इलेक्ट्रिशियनच्या एका जागेसाठी अर्ज भरताना साधारण तीन गोष्टी विचारल्या जातात. सर्वोच्च शिक्षण, टक्केवारी आणि अनुभवाची वर्षे. त्यावरून उमेदवाराला एक ‘फिट स्कोअर’ मिळतो आणि वरचे दहा-पंधरा अर्ज कंपनीच्या एचआरकडे जातात. कार्यालयीन नोकरीसाठी ही पद्धत कशीबशी चालून जाते. पण ज्या माणसाला रात्रपाळीत एकट्याने पॅनल उघडायचे आहे, त्याच्या बाबतीत हे तीन आकडे बहुतेक वेळा चुकीचा माणूस वर आणतात. असे का होते, कायदा नेमके काय मागतो आणि कारखान्यात ही गुणपद्धत नीट कशी बसवता येते, याचा हा आढावा.

कागद कोणते, आणि त्यांचा अर्थ काय?

‘आयटीआय झालेला आहे’ या तीन शब्दांत वेगवेगळ्या वजनाचे कागद लपलेले असतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन्ही दोन वर्षांचे ट्रेड आहेत. अभ्यासक्रम पूर्ण करून अखिल भारतीय ट्रेड परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जे मिळते ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ अंतर्गत एखाद्या कारखान्यात ॲप्रेंटिसशिप करून परीक्षा दिली, तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी मिळते. पहिला कागद सांगतो की मुलगा संस्थेच्या वर्कशॉपमध्ये काम शिकला. दुसरा सांगतो की तो चालू कारखान्यात, चालू मशिनवर, वरिष्ठ कामगाराच्या हाताखाली राहिला. भरती करणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. तरीही बहुतेक ऑनलाइन अर्जांत एनएसीसाठी वेगळा रकानाच नसतो.

एनटीसीवरच्या टक्केवारीतही एक खोच आहे. या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के लागतात, तर इतर विषयांत ३३ टक्के पुरतात. म्हणजे एकूण टक्केवारी सारखीच असलेल्या दोघांपैकी एकाचे प्रात्यक्षिक ९० टक्क्यांच्या घरात असू शकते आणि दुसऱ्याचे जेमतेम ६२. वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनातही टप्पे ठरलेले आहेत. ६० ते ७५ टक्क्यांच्या टप्प्यात काम करताना अधूनमधून मदत लागली तरी चालते. ९० टक्क्यांच्या वर जायचे तर काम जवळपास कोणाच्याही मदतीशिवाय आणि चांगल्या फिनिशमध्ये व्हायला हवे. म्हणून गुणपत्रिका हातात आली की एकूण आकडा सोडून प्रात्यक्षिकाची ओळ वाचावी. ज्याला गुण द्यायचे आहेत तो आकडा तिथे आहे.

इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत तिसरा कागद असतो आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. तो म्हणजे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे लागते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे यातून वगळलेली आहेत. याचा अर्थ एनटीसी हा शिक्षणाचा दाखला झाला, काम करण्याची परवानगी नव्हे. कितीतरी कारखान्यांत भरतीच्या वेळी एनटीसीची झेरॉक्स घेतली जाते, परवान्याबद्दल कोणी विचारतच नाही. तो विषय निघतो तो अपघात झाल्यावर, विद्युत निरीक्षक चौकशीला आले की.

सरकारी भरतीत गुण कसे ठरतात?

इथे रेल्वेचे उदाहरण घेऊ, कारण ते राज्यातल्या हजारो आयटीआय विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. मध्य रेल्वेच्या भरती कक्षाकडून शिकाऊ उमेदवारांची निवड होते तेव्हा लेखी परीक्षा नसते आणि ट्रेड टेस्टही नसते. दहावीची टक्केवारी आणि त्या ट्रेडमधील आयटीआयची टक्केवारी यांवरून गुणवत्ता यादी लागते, दोन्हींना सारखेच वजन. एका मुलाला दहावीत ६२ आणि आयटीआयमध्ये ८४ टक्के असतील तर त्याची सरासरी ७३. दुसऱ्याला दहावीत ८८ आणि आयटीआयमध्ये ६६ असतील तर सरासरी ७७. यादीत दुसरा वर लागतो. तारा जोडण्यात पहिला सरस असण्याची शक्यता दाट आहे, पण त्याला चौथ्या-पाचव्या वर्षापूर्वीच्या इतिहास-भूगोलाच्या पेपरने मागे टाकलेले असते.

या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. ही जागा शिकण्याची आहे, त्यामुळे अनुभवाला गुण देण्यात अर्थ नाही. शिवाय अर्ज इतके येतात की प्रत्येकाची ट्रेड टेस्ट घेणे अशक्य होते. आकडा स्वच्छ असतो, त्यावर वशिल्याचा आरोप होत नाही. तरीही दहावीला आयटीआयइतकेच वजन का, हा प्रश्न उरतोच.

कायम नोकरीच्या भरतीत वेगळी अडचण आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि त्या दर्जाच्या पदांसाठी मुलाखत बंद केली. मुलाखतीतली मनमानी पाहता तो निर्णय योग्यच होता. कौशल्य चाचणी चालू ठेवण्याची मुभा त्यात आहे, पण ती फक्त पात्रतेपुरती. तिचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. म्हणजे ट्रेड टेस्टमध्ये काठावर पास झालेला आणि अप्रतिम काम केलेला, दोघे त्या टप्प्यावर सारखेच. पुढचा क्रम लेखी परीक्षा ठरवते. खासगी कारखान्याला असे बंधन नाही. त्यामुळे खरी सुधारणा तिथेच शक्य आहे.

अनुभवाची वर्षे मोजणे चुकीचे का?

दहा वर्षांचा अनुभव पाच वर्षांच्या अनुभवापेक्षा दुप्पट चांगला, हे आपण गृहीत धरतो. निवडपद्धतींवरच्या संशोधनात मात्र ही समजूत टिकलेली नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निवडीच्या वेळची एखादी कसोटी आणि नंतरचे प्रत्यक्ष काम यांचा संबंध त्यांनी शून्य ते एक अशा आकड्यांत मांडला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणाऱ्या चाचणीला ०.५४ मिळाले, अनुभवाच्या वर्षांना ०.१८ आणि शिक्षणाच्या वर्षांना केवळ ०.१०. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे आकडे नव्याने तपासले तेव्हा जवळपास सगळेच खाली आले. कामाच्या नमुन्याचा आकडा ०.३३ वर आला. पण अनुभवाची वर्षे तेव्हाही तळाशीच राहिली.

कारण समजायला अवघड नाही. मॉलच्या देखभालीत सहा वर्षे ट्यूबलाइट, एमसीबी आणि जनरेटरचे चेंजओव्हर सांभाळणारा इलेक्ट्रिशियन प्रामाणिकपणे ‘सहा वर्षे’ लिहितो. फोर्जिंगच्या कारखान्यात दोन वर्षांत शंभर मोटारी उतरवून चढवलेला ‘दोन वर्षे’ लिहितो. वर्षे कामाचा प्रकार सांगत नाहीत. ते काम एकट्याने केले की कोणाला पाना देत उभे राहून, हेही सांगत नाहीत.

अनुभवाचे पत्र तर त्याहून फसवे. अनेक कामगार ठेकेदारामार्फत लागलेले असतात. काम एका कारखान्यात झालेले असते आणि पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या लेटरहेडवर मिळते, तेही ‘इलेक्ट्रिशियन म्हणून समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीचे. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील सेवा इतिहासावरून तो माणूस कोणत्या आस्थापनेत किती महिने होता, हे पडताळता येते. तिथे त्याने काय केले, हे त्यातून कळत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आहे, कामागणिक विचारणे.

एक जागा, तीन उमेदवार

आता एक हिशेब करून पाहू. हा कारखाना आणि हे उमेदवार उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, चाकणमधील एका सुट्या भागांच्या कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियनची एक जागा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत तो एकटाच असेल. तीन उमेदवारांना क, ख आणि ग म्हणू.

क नुकताच आयटीआय झालेला आहे, ८८ टक्के, वर्षभर घरगुती वायरिंगचे काम केलेला. ख आयटीआयच, ७१ टक्के. ॲप्रेंटिसशिप कारखान्यात पूर्ण केली आणि त्यानंतर चार वर्षे एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला. ग इलेक्ट्रिकल डिप्लोमाधारक, ६८ टक्के, सहा वर्षे व्यापारी संकुलाच्या देखभालीत. परवाना तिघांकडेही आहे.

नेहमीची पद्धत अशी असते : डिप्लोमाला ४० गुण, आयटीआयला २५, टक्केवारीच्या ०.३ पट गुण. अनुभवाच्या दर वर्षाला ५, कमाल ३०. मग क ला २५ अधिक २६.४ अधिक ५, म्हणजे ५६.४ गुण होतात. ख ला २५ अधिक २१.३ अधिक २०, म्हणजे ६६.३. आणि ग ला ४० अधिक २०.४ अधिक ३०, म्हणजे ९०.४. ग इतका पुढे आहे की एचआरला इतर दोघांचे अर्ज उघडून बघायचीही गरज वाटणार नाही.

दुसऱ्या पद्धतीत आधी दारे ठरवायची आणि मग गुण. दार म्हणजे जिथे गुण मिळत नाहीत, फक्त आत जाता येते किंवा येत नाही. पडताळलेले प्रमाणपत्र हे एक दार, मुदतीतला परवाना हे दुसरे. त्यांना गुण दिले तर एक विचित्र गोष्ट होते. परवाना नसलेला माणूस इतर ठिकाणी गुण कमावून भरपाई करतो आणि यादीत वर येतो. कायद्याच्या अटीची भरपाई चांगल्या हस्ताक्षराने होत नाही, हे गुणपत्रक बनवणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

दारे पार केल्यावर १०० गुण. त्यातले ५० ट्रेड टेस्टला, ३० कामागणिक अनुभवाला आणि २० प्रशिक्षणाला. प्रशिक्षणातले १२ गुण संबंधित कारखान्यातील ॲप्रेंटिसशिपला आणि ८ प्रात्यक्षिकाच्या गुणांना. अनुभवासाठी या जागेवर खरोखर लागणारी पाच कामे निवडायची : स्टार्टर दुरुस्ती, व्हीएफडीचे पॅरामीटर बसवणे, मोटार मेगर करून बदलणे, ड्रॉइंगवरून पॅनल वायरिंग आणि अर्थिंगची तपासणी. प्रत्येक कामाला कधी केलेच नसेल तर शून्य, मदतनीस म्हणून केले असेल तर २, देखरेखीखाली केले तर ४, एकट्याने आणि गेल्या दोन वर्षांत केले असेल तर ६.

हे गुण उमेदवाराच्या ‘हो, येते’ या उत्तरावर द्यायचे नाहीत. ‘शेवटची मोटार कधी बदललीत, किती एचपीची, मेगर किती आला, त्याआधी काय सोडवून घेतलेत?’ असे विचारायचे. मोटार व्हीएफडीवर असेल तर मेगर करण्याआधी ड्राइव्हची केबल वेगळी करावी लागते, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ड्राइव्हच जळू शकतो. ज्याने हे काम केलेले आहे, तो हे न विचारता सांगतो. ज्याने बाजूला उभे राहून पाहिले आहे, तो मेगरचा आकडा सांगतो पण ही पायरी विसरतो. चार-पाच मिनिटांत फरक कळतो.

अशा विचारणीत क ला ३० पैकी १० मिळाले असे धरू, ख ला २४ आणि ग ला १२. प्रशिक्षणात क ला ७, ख ला १८, ग ला ४. उरले ट्रेड टेस्टचे ५० गुण.

ट्रेड टेस्टमध्ये नेमके काय पाहायचे?

बहुतेक ठिकाणी ट्रेड टेस्ट म्हणजे बोर्डवर स्टेअरकेस वायरिंग करून दाखवणे. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा मुलगा ते करतो. मेंटेनन्सच्या माणसाला नवीन वायरिंग क्वचितच करावी लागते. त्याला बिघाड शोधायचा असतो. म्हणून चाचणीही बिघाडाची हवी.

एक चांगली चाचणी अशी : टेबलावर स्टार-डेल्टा स्टार्टर, त्याला छोटी मोटार आणि सोबत कंट्रोल सर्किटचे ड्रॉइंग. मोटार स्टारमध्ये सुरू होते, टायमरची वेळ संपली की स्टारचा कॉन्टॅक्टर सुटतो, पण डेल्टा ओढत नाही आणि मोटारीचा वेग पडत जातो. बिघाड मुद्दाम घातलेला आहे. स्टार कॉन्टॅक्टरचा जो बंद राहणारा सहायक कॉन्टॅक्ट डेल्टाच्या कॉइलकडे जातो, तो जुळत नाही. उमेदवाराला ४० मिनिटे द्यायची. दोन परीक्षकांनी शेजारी उभे राहून, पण एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे.

पहिली दोन मिनिटे सर्वांत महत्त्वाची. सप्लाय बंद करून आयसोलेटरला कुलूप आणि टॅग लावला का? मीटर आधी चालू सप्लायवर तपासला, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावला आणि पुन्हा चालू सप्लायवर तपासला का? शेवटची पायरी अनेकांना फालतू वाटते. पण मधल्या वेळेत मीटरचा लीड तुटला असेल तर ‘शून्य व्होल्ट’ हे वाचन जीव घेऊ शकते. हा भागही गुणांचा नाही, दाराचा आहे. तो चुकला तर चाचणी तिथेच थांबवायची, पुढे काम कितीही सफाईने झाले तरी.

पुढे ड्रॉइंग वाचणे, लक्षणावरून शक्यता कमी करत जाणे, कंटिन्युटी कुठून कुठे घेतली, किती जागी विनाकारण तारा सोडवल्या, हे पाहायचे. स्टार सुटतो आहे म्हणजे टायमर काम करतो आहे, मग टायमर खोलण्यात वेळ घालवणारा अंदाजाने काम करतो आहे, हे परीक्षकाला दिसते.

आणि इथेच एक सापळा आहे. काही उमेदवार पाच मिनिटांत मोटार चालवून दाखवतात. त्यांनी तो न जुळणारा कॉन्टॅक्ट तारेच्या तुकड्याने बायपास केलेला असतो. मोटार डेल्टामध्ये छान पळते. निकाल पाहून गुण देणारा परीक्षक त्याला पैकीच्या पैकी देईल. पण तो कॉन्टॅक्ट इंटरलॉक आहे. उद्या स्टारचा कॉन्टॅक्टर वेल्ड होऊन चिकटला तर डेल्टा त्याच वेळी ओढेल, दोन्ही एकत्र लागतील आणि तीन फेज थेट एकमेकांना शॉर्ट होतील. हा उमेदवार मशीन लवकर चालू करून देतो म्हणून प्रॉडक्शनवाल्यांचा लाडका असतो. गुणपत्रकात मात्र ‘इंटरलॉक बायपास केला’ याला शून्याचा रकाना आधीच छापलेला हवा, नाहीतर चाचणीच्या दिवशी वेगाचे कौतुक होऊन जाते.

शेवटी एक तोंडी प्रश्न पुरेसा आहे. मोटारीचा फुल लोड करंट २१ अँपिअर आहे आणि ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या लगेच पुढे, वाइंडिंगच्या वाटेवर बसवला आहे. सेटिंग किती ठेवाल? डेल्टामध्ये वाइंडिंगमधून लाइन करंटच्या ०.५८ पट करंट जातो, म्हणजे सुमारे १२ अँपिअर. जो थेट २१ सांगतो त्याची मोटार जळेपर्यंत रिले ट्रिप होणार नाही. जो ‘रिले नेमका कुठे बसवलाय ते आधी दाखवा’ म्हणतो, त्याला पूर्ण गुण द्यावेत.

आपल्या उदाहरणात क ला चाचणीत ३६ मिळाले असे धरू. हात सावकाश, पण पद्धत स्वच्छ. ख ला ३९. ग ने बरेच ठिकाणी तारा सोडवल्या, बिघाड सापडला नाही, २१. बेरीज केली तर क ५३, ख ८१ आणि ग ३७. पहिल्या यादीत ९० गुणांनी वर असलेला उमेदवार तळाला गेला. यात ग वाईट इलेक्ट्रिशियन आहे असे सिद्ध होत नाही. व्यापारी संकुलाच्या जागेसाठी पाच कामांची यादी वेगळी असती आणि कदाचित तोच वर आला असता. क बद्दलही हा आकडा काही सांगतो. एकट्याच्या रात्रपाळीला तो तयार नाही, पण दिवसपाळीत वरिष्ठाच्या हाताखाली ठेवण्याजोगा आहे. म्हणून नुसती बेरीज न पाठवता तिन्ही भागांचे गुण वेगवेगळे पाठवावेत.

फिटरला हीच फूटपट्टी लावता येईल का?

अर्धीच. आयटीआयमध्ये फिटरची ओळख म्हणजे कानस. दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, मापात ०.०४ मिलिमीटरपर्यंतची सूट, कोनात ३० मिनिटांची. टूल रूमच्या फिटरसाठी ही चाचणी आजही उत्तम आहे. पण मेंटेनन्स फिटरच्या जागेलाही तीच दिली जाते आणि तिथे ती चुकीच्या कौशल्याला गुण देते. त्याचा दिवस बेअरिंग, कपलिंग, पंपाचे सील आणि हायड्रॉलिकच्या गळतीत जातो.

त्याच्यासाठी दोन छोटी कामे पुरतात. पहिले, शाफ्टवर बेअरिंग चढवणे. ठोकताना जोर आतल्या रिंगवर आहे की बाहेरच्या, एवढेच पाहायचे. बाहेरच्या रिंगवर ठोकले तर तो जोर गोळ्यांमधून आत जातो, रेसवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि नवे कोरे बेअरिंग काही दिवसांत आवाज करू लागते. दुसरे, मोटार आणि पंपाचे अलाइनमेंट डायल गेजवर करणे. इथे हुशार फिटर डायल लावण्याआधी मोटारीचा एकेक बोल्ट सैल करून पाय बेसवर नीट टेकतो का ते पाहतो. एखादा पाय अधांतरी असेल तर आधी तिथे शिम घालतो. हे न करणाऱ्याचे वाचन बोल्ट आवळला की दर वेळी बदलते आणि तो तासभर त्याच आकड्यामागे धावतो. परीक्षकाला शेवटचा आकडा बघावाही लागत नाही.

कागद नाही, पण हात आहे, त्याचे काय?

वरच्या उदाहरणात मुद्दाम न घेतलेला चौथा उमेदवार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असतो. दहावीनंतर ठेकेदाराकडे लागलेला, पंधरा वर्षे काम केलेला, ट्रेड टेस्टमध्ये ४५ च्या वर जाणारा. ना एनटीसी, ना परवाना. इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी तो पहिल्याच दारात अडतो आणि कंपनीने ते दार त्याच्यासाठी किलकिले करणे बेकायदा आहे. व्यवहारात मात्र त्याला ‘हेल्पर’ म्हणून घेतले जाते, पगार हेल्परचा आणि काम इलेक्ट्रिशियनचे. अपघात झाला तर कागदोपत्री तो तिथे हात लावायलाच नको होता, असे निघते. सगळ्या गुणपद्धतीत सर्वांत जास्त नुकसान याच माणसाचे होते.

अशांसाठी केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाची मान्यता, म्हणजे आरपीएल, हा मार्ग आहे. थोडे मार्गदर्शन, मग मूल्यमापन आणि प्रमाणपत्र. त्याचा उपयोग आहे, पण त्याने दोन वर्षांच्या एनटीसीची जागा आपोआप भरत नाही, आणि परवाना तर त्यातून मिळतच नाही. परवान्यासाठी अनुज्ञापक मंडळाच्या अटींनुसारच जावे लागते. आरपीएलचे प्रमाणपत्र घेऊन ‘आता मी इलेक्ट्रिशियनच्या जागेला पात्र’ असे समजणाऱ्यांनी जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाचावी.

फिटरचे तसे नाही. खासगी कारखान्यातील मेंटेनन्स फिटरसाठी असा परवान्याचा कायदेशीर अडसर नाही. तरीही अनेक कंपन्या सवयीने ‘आयटीआय आवश्यक’ लिहितात आणि अलाइनमेंट डोळे झाकून करणारा माणूस गेटवरून परत जातो. इथे प्रमाणपत्र दार म्हणून न ठेवता प्रशिक्षणाच्या २० गुणांत ठेवले तर तो माणूस ८० पैकी ६५ मिळवून आत येऊ शकतो. कोणती अट कायद्याची आणि कोणती आपल्या सवयीची, हे वेगळे करणे एचआरच्या हातात आहे.

गुणपद्धत चुकते आहे, हे कसे ओळखायचे?

दोन परीक्षकांच्या गुणांत ५० पैकी आठ-दहाचा फरक वारंवार पडत असेल, तर गुणपत्रकातली वाक्ये मोघम आहेत. ‘काम नीटनेटके’ असे लिहिले की प्रत्येकाचे नीटनेटके वेगळे असते. ‘सर्व टर्मिनलला लग आणि फेरूल नंबर’ लिहिले की वाद मिटतो. दुसरी खूण सहा महिन्यांनी दिसते. निवडलेल्या माणसाने दुरुस्त केलेले मशीन त्याच बिघाडासाठी आठवड्याच्या आत पुन्हा बंद पडले का, हे ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये असतेच. चाचणीत वर असलेल्यांचे असे फेरे कमी नसतील, तर चाचणी चुकीचे काम तपासते आहे. एका भरतीत चार-पाचच माणसे असतात, त्यामुळे यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. दोन-तीन भरतींची नोंद एकत्र करून पाहावी.

उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर अर्जात काय लिहावे, हेही यातून कळते. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन होतो आहे ना, हे आधीच तपासावे. परवान्याची मुदत आणि नूतनीकरणाची तारीख अर्जातच द्यावी. ॲप्रेंटिसशिप केली असेल तर एनएसी वेगळी जोडावी, रकाना नसला तरी. आणि ‘मेंटेनन्सचा ४ वर्षे अनुभव’ या ओळीऐवजी महिना, मशीन, काम आणि ते एकट्याने केले की कोणाबरोबर, अशा आठ-दहा ओळींची वही ठेवावी. ती ठेकेदाराच्या पत्रापेक्षा जास्त बोलते, कारण तिच्यातल्या प्रत्येक ओळीवर समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारू शकतो.